शेवटच्या कडव्याला दोनच मिनिटे का?

सप्ताहातले कीर्तन संपते, आरती होते, मंडळी बुक्का लावून घराकडे निघतात आणि वाटेत एक वाक्य हमखास कानावर येते, ‘महाराजांचे पाठांतर जबर आहे.’ हे वाक्य स्तुती म्हणून बोलले जाते. मला ते तक्रारीसारखे ऐकू येते. श्रोत्याने दोन तास मांडी घालून ऐकले आणि त्याच्या पदरात पडली ती सांगणाऱ्याची स्मरणशक्ती! अभंग कोणता होता असे त्याला विचारा, पहिली ओळ तो सांगेल, कारण ती टाळमृदंगाच्या गजरात पन्नास वेळा म्हटली गेली. त्या अभंगात तुकोबाराय काय म्हणतात असे विचारा, तो गप्प होईल. आमच्या यवतमाळकडच्या एका म्हाताऱ्याने हे एका वाक्यात सांगून टाकले होते, ‘कीर्तन लय झ्याक झालं महाराज, पन सांगतलं काय, ते काई ध्यानात नाई रायलं.’

दोष त्या म्हाताऱ्याचा नाही. दिवसभर कपाशी वेचून तो रात्री नऊला येऊन बसला आणि अकरापर्यंत हलला नाही. दोष उभे राहून बोलणाऱ्याचा आहे. आज वय झाल्यामुळे मी कीर्तनाला उभा राहत नाही, श्रोत्यांत बसतो. खाली बसल्यावर जे दिसते ते स्पष्ट लिहिणे माझे कर्तव्य समजतो. कोणा महाराजांचे नाव घेणार नाही. रोग एकाचा नाही, साथीचा आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. सेवेला अभंग एक घेतला, तर त्यातून सिद्धांत एकच काढावा आणि तो एका पूर्ण वाक्यात सांगता यावा. त्या सिद्धांताचे तीन भाग करावेत, आणि ते भाग अभंगाच्या स्वतःच्या सांध्यांवर पडावेत. प्रमाणे, दृष्टांत, विनोद, चाली ही सगळी मंडळी त्या एका वाक्याची चाकर असावीत. चाकरांनीच धन्याला घराबाहेर काढले, अशी आज स्थिती आहे.

नारदीय पद्धतीत पूर्वरंग असतो, मधे नामाचा गजर होतो आणि उत्तररंगात आख्यान लागते. पूर्वरंगात जे तत्त्व मांडले, तेच आख्यानाने पटवायचे असते. त्या पद्धतीला तिची शिस्त आहे. आमच्या वारकरी कीर्तनात वेगळे आख्यान नाही. पहिल्या नमनापासून शेवटपर्यंत एकच अभंग आपल्याला धरून असतो. म्हणून आमची जबाबदारी अधिक आहे. आख्यानाची कथा श्रोत्याला आपोआप पुढे नेते. आमच्याकडे पुढे नेणारे दुसरे काही नाही, अभंगाच्या अर्थाचा क्रमच काय तो आहे. तो सुटला की कीर्तन म्हणजे पाठ केलेल्या ओव्यांची पोतडी होते.

ते कसे सुटते, हे एका अभंगावर दाखवतो. तुकोबारायांचा वृक्षवेलींना सोयरे म्हणणारा अभंग सर्वांच्या परिचयाचा आहे. शाळेत म्हणतात, वनमहोत्सवाला म्हणतात, वन खात्याच्या भिंतीवर लिहितात. त्याची सहा कडवी आहेत. पहिल्यात झाडे, वेली, रानातले प्राणी आपले सोयरे आहेत आणि पाखरे गोड गळ्याने आळवीत आहेत. दुसऱ्यात सांगितले आहे की या सुखामुळे एकांतात राहणे आवडते आणि गुणदोष अंगाला लागत नाहीत. तिसऱ्यात आभाळ मांडव झाले, भुई बसायला झाली, आणि मन जिथे रमते तिथे खेळते. चौथ्यात देहाच्या गरजेपुरती गोधडी आणि पाण्याचे भांडे आहे, वेळ कोणती ते वारा कळवतो. पाचव्यात हरिकथेचे जेवण आहे, नाना प्रकार करून चवीने सेवायचे. सहाव्यात तुकोबा म्हणतात की मनाशी संवाद होतो आणि आपला वाद आपल्याशीच चालतो.

आता कीर्तन कसे होते ते पाहा. महाराज पहिला शब्द उचलतात, वृक्ष. वृक्ष म्हटल्याबरोबर गीतेच्या पंधराव्या अध्यायातला अश्वत्थ आठवतो. अश्वत्थावरून संसार, संसारावरून बायको-सासूचे विनोद, विनोदावरून आजची पिढी, आजच्या पिढीवरून मोबाइल. मग भानावर येऊन परत वृक्ष. आता कल्पवृक्ष, मग तुळस, मग गावात लावलेल्या आणि वाळून गेलेल्या रोपांची गोष्ट. घड्याळात पावणेअकरा होतात. उरलेली पाच कडवी टाळकऱ्यांच्या तोंडी देऊन महाराज धावत सुटतात, आणि जिथे ‘तुका म्हणे’ आहे, जिथे संताने स्वतःचे नाव घालून आपले म्हणणे मुद्रांकित केले आहे, त्या कडव्याला दोन मिनिटे मिळतात.

कीर्तन बिघडले हे ओळखण्याची ही माझी पहिली खूण आहे. शेवटच्या कडव्याला किती वेळ मिळाला ते पाहावे. पहिल्या शब्दाला चाळीस मिनिटे आणि नाममुद्रेला दोन, असे झाले की समजावे, महाराजांनी अभंग सांगितला नाही, अभंगातला एक शब्द पकडून आपल्याला जे पाठ होते ते सांगितले. शब्दावरून शब्दाकडे उडी मारणे हे माकडाचे चालणे आहे. झाडे पुष्कळ होतात, मुक्कामाला पोचणे होत नाही.

मग सिद्धांत काढावा कसा? याची रीत आपल्या शास्त्रात कधीची सांगून ठेवली आहे. ग्रंथाचे तात्पर्य ठरवण्यासाठी मीमांसकांनी सहा लिंगे सांगितली: उपक्रम-उपसंहार, अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद आणि उपपत्ती. वेदान्ताच्या पाठशाळेत हे प्रत्येक विद्यार्थी घोकतो आणि कीर्तनाला उभा राहिला की विसरतो. सहाही लिंगे प्रत्येक अभंगाला लावत बसण्याची गरज नाही. चार लावली तरी काम होते.

उपक्रम-उपसंहार म्हणजे आरंभ कुठे झाला आणि शेवट कुठे झाला. या अभंगाचा आरंभ सोयऱ्यांपासून आहे आणि शेवट स्वतःच्या मनापाशी. म्हणजे वाट बाहेरून आत गेली. जो अर्थ झाडांपाशीच थांबतो, तो अर्ध्या वाटेवर बसला.

अभ्यास म्हणजे पुन्हा पुन्हा काय म्हटले. अभंगात पुन्हा पुन्हा म्हणायचे ते ध्रुवपद. इथेच मोठी गफलत होते. गाण्याच्या प्रचारात आपण परत परत पहिल्या ओळीवर येतो, म्हणून झाडे हाच विषय आहे असे कानाला वाटते. छापील गाथा उघडून पाहा. ध्रुवपदाची खूण दुसऱ्या कडव्यावर आहे, एकांतवासाच्या कडव्यावर. प्रत्येक कडव्यानंतर परतायचे ते एकांताकडे. शिवाय त्या कडव्याच्या तोंडाशीच बोट दाखवणारे सर्वनाम आहे. ‘या’ सुखामुळे, असे ते म्हणते. म्हणजे पहिले कडवे कारण आहे आणि दुसरे कार्य. झाडे, पाखरे ही कारणाच्या जागी आहेत. कारणालाच सिद्धांत करून बसणे म्हणजे लग्नाला जाऊन मांडवाची मापे घेऊन येणे.

अपूर्वता म्हणजे जे दुसरीकडून सहज कळले नसते ते. झाडे चांगली, पाखरे गोड गातात, हे सांगायला संत लागत नाही, आमचा गुराखी सांगेल. माणसांतून निघून एकटा बसलेला माणूस स्वतःशी वाद घालतो आणि त्याला तुकोबा सुखाच्या प्रकरणात बसवतात, ही गोष्ट नवी आहे. फल म्हणजे शेवटी मिळाले काय. तेही तेच, मनाशी संवाद. पाखरांचा गळा, आभाळाचा मांडव हे अर्थवादात धरावे. मूळ म्हणण्याकडे ओढ लागावी म्हणून केलेली ती स्तुती आहे.

चारही लिंगे एका ठिकाणी आली की मग कागद घ्यावा आणि एक वाक्य लिहावे. ‘एकांत’ असा एक शब्द लिहून भागत नाही, तो विषय झाला. ‘एकांत चांगला असतो’ हेही चालणार नाही, कारण त्याला कोणी नाही म्हणणार नाही. ज्यावर श्रोता मनात ‘असे कसे?’ म्हणेल ते वाक्य हवे. या अभंगाचे माझे वाक्य असे: ‘एकांत म्हणजे एकटे पडणे नव्हे, ज्याला सोबत, बिऱ्हाड आणि जेवण मिळाले आहे, तोच आपल्या मनाशी बोलू शकतो.’ बस. दोन तासांत याच्या बाहेरचे एक अक्षर बोलायचे नाही.

तीन भागही याच वाक्यात येऊन बसले, आणि ते मी बाहेरून आणलेले नाहीत. आपल्याकडचा कोणीही परगावी राहायला निघाला की घरची माणसे तीन गोष्टी विचारतात. तिथे आपले कोण आहे? राहशील कुठे? खाशील काय? अभंगाची कडवी याच क्रमाने उत्तरे देतात. पहिली दोन सोबतीची, पुढची दोन बिऱ्हाडाची आणि पाचवे जेवणाचे. जेवण झाल्यावर पानसुपारी घेऊन माणसे बोलत बसतात, तसे सहाव्यात बोलणे आहे, आणि बोलायला समोर कोण, तर स्वतःचे मन. दोन-दोन कडव्यांचे तीन भाग झाले. कुऱ्हाड घालावी लागली नाही, लाकूड आपल्या रेषेवर फुटले.

हे कीर्तनात कसे मांडावे, तेही सांगतो. दोन तासांतली पहिली वीस मिनिटे नमन, भजन आणि अभंग चालीवर म्हणणे यांत जातात. त्यानंतर लगेच, काही पाल्हाळ न लावता, ते एक वाक्य सांगावे आणि तीन प्रश्न सांगावेत. श्रोत्यापासून ते लपवून ठेवण्यात काही शहाणपण नाही. वाट आधी कळली की माणूस पाय उचलतो.

पहिला भाग सोबतीचा, त्याला अर्धा तास. इथे सांगायचे ते असे की तुकोबा एकांताची सुरुवात ‘मला कोणी नको’ अशी करत नाहीत. ते आधी सोयरे मोजतात. सोयरा हा शब्दच संबंधाचा आहे. ज्याच्या घरी आपले जाणे-येणे आहे, तो सोयरा. मग पूर्वपक्ष मांडावा: सोयरे इतके आहेत, तर याला एकांत का म्हणायचे? उत्तर दुसऱ्या कडव्याच्या दुसऱ्या अर्धात आहे. हे सोयरे गुणदोष काढत नाहीत. लिंबाचे झाड तुमचे कर्ज मोजत नाही, चिमणी तुमच्या पोरीच्या लग्नाची चौकशी करत नाही. जिथे सोबत आहे आणि निवाडा नाही, तो एकांत. इथे एक प्रमाण घ्यावे, फार तर दोन, आणि ध्रुवपदावर यावे.

दुसरा भाग बिऱ्हाडाचा, त्याला वीस मिनिटे पुरतात. आमच्या भागातल्या श्रोत्याला याचा दृष्टांत पुराणातून आणून देण्याची गरज नाही. तो जागलीला जातो. रानडुकरे आणि रोही पिकात शिरू नयेत म्हणून वावरात माळा बांधून रात्र काढतो. वर आभाळ, खाली भुई, अंगावर गोधडी, उशाला पाण्याचा डबा. घड्याळ नसले तरी वारा गार झाला की पहाट जवळ आली हे त्याला कळते. तिसरे आणि चौथे कडवे तो दरवर्षी जगतो. त्याला एवढेच दाखवायचे की गरजा इतक्या थोड्या झाल्या की मन मोकळे होते, आणि मोकळे झालेले मन खेळते, असे तुकोबा म्हणतात. जागलीवरचा माणूस अधूनमधून हाळी घालतो आणि शेजारच्या वावरातून ‘हो’ येतो, हेही सांगावे. त्या एका ‘हो’ मुळे पहिला भाग दुसऱ्याला जोडला जातो.

तिसरा भाग जेवणाचा आणि बोलण्याचा, त्याला पुन्हा अर्धा तास. हरिकथा हे जेवण आहे, म्हणजे ते रोजचे आहे, सणाचे नाही. उपाशी मनाशी बोलता येत नाही, ते फक्त किरकिर करते. जेवलेल्या मनाशी संवाद होतो. संवाद आणि वाद हे दोन्ही शब्द तुकोबांनी शेवटच्या कडव्यात एकत्र ठेवले आहेत, ते सुटे करून सांगावेत. मन आपल्याशी भांडते, आपण मनाला उत्तर देतो, आणि हा खटला चालवायला बाहेरचा वकील लागत नाही. उरलेल्या वेळात उपसंहार. पहिल्यांदा सांगितलेले वाक्य त्याच शब्दांत पुन्हा सांगावे. शब्द बदलले की श्रोत्याला वाटते, हे काही नवे आहे.

प्रमाणाची कसोटी सोपी आहे. ते काढून टाकावे आणि पाहावे, सिद्धांत लंगडतो का? लंगडत नसेल, तर ते प्रमाण आपल्या कौतुकासाठी होते. पंचवीस प्रमाणे पाठ असणे हे भूषण आहे. त्यातली वीस त्या रात्री गिळता येणे हे अधिक मोठे.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप विद्वान मंडळींचा. संतवाणी अनेकार्थी आहे, तिला एका वाक्यात कोंडणारे तुम्ही कोण? माउलींनी तर गीतेतल्या एकेका शब्दावर शेकडा ओव्या लिहिल्या! बरोबर. तेराव्या अध्यायात ‘अहिंसा’ या एका शब्दावर माउलींच्या शंभराहून अधिक ओव्या आहेत. त्या उघडून पाहा. अहिंसक माणूस चालतो कसा, पाहतो कसा, बोलतो कसा, त्याचे हात काय करतात आणि शेवटी त्याचे मन कसे असते, असा एकेक अवयव धरून ते जातात. त्यातली एकही ओवी अहिंसेच्या बाहेर पडत नाही. विस्तार आणि भटकणे यांतला फरक शिकायचा असेल, तर याहून चांगला पाठ नाही. माउलींचे नाव घेऊन भटकण्याचे समर्थन करू नये. अर्थ अनेक असतील, खुशाल असोत. सप्ताहाला सात रात्री असतात आणि आयुष्यात सप्ताह पुष्कळ असतात. एका रात्री एक अर्थ.

दुसरा आक्षेप असा की लोक थांबत नाहीत, त्यांना हसवावे लागते. लोक थांबत नाहीत हे खरे आहे, पण कारण उलटे आहे. कुठे चाललो हे कळत नाही, म्हणून ते कंटाळतात, आणि कंटाळले म्हणून विनोद लागतो. गाडगेबाबा आमच्या वऱ्हाडातलेच. शास्त्राचा आधार न घेता ते श्रोत्यांना प्रश्न विचारत आणि श्रोत्यांच्याच तोंडून उत्तर काढत. हसवतही असत. पण प्रश्नामागून प्रश्न एकाच गाठीवर येऊन बसे, आणि माणूस घरी जाताना ती गाठ घेऊन जाई. विनोदाला माझा विरोध नाही. विनोद संपल्यावर महाराजांना ‘आपण कुठे होतो?’ असे विचारावे लागते, त्याला विरोध आहे.

तिसरा आक्षेप वृक्षप्रेमी मंडळींचा. झाडे लावा असे या अभंगावरून सांगितले, तर काय बिघडले? झाडे अवश्य लावावीत. यवतमाळच्या उन्हाळ्यात राहणाऱ्याला सावलीचे मोल कोणी शिकवू नये. पहिल्या कडव्यातल्या सोयरिकीवर थांबून कोणी पाच मिनिटे तेही बोलला, तर तो अभंगाच्या आतच आहे. पण दोन तास रोपवाटिकेचे व्याख्यान देऊन त्याखाली तुकोबांची सही घ्यायची, हे मला मान्य नाही. व्याख्यान स्वतःच्या नावाने द्यावे.

आणि आता ज्या कारणासाठी हे सगळे लिहायला बसलो, ते सांगतो. आमचा जिल्हा कापसाचा, आणि कर्जापायी जीव दिलेल्या शेतकऱ्यांचा म्हणून साऱ्या देशाला माहीत झालेला. अशा घरची तेरवी असते, वर्षश्राद्ध असते, कीर्तन ठेवतात. समोर त्याची बायको बसलेली असते, म्हातारी आई असते, आणि मागच्या रांगेत दुसरा एखादा तसाच कर्जात बुडालेला शेजारी बसलेला असतो. तो कोण, हे कीर्तनकाराला ठाऊक नसते. अशा एका ठिकाणी मी श्रोता म्हणून बसलो होतो. महाराजांनी हाच अभंग घेतला होता. सिद्धांत ठरवलेला नव्हता. शब्दावरून शब्द निघत गेले आणि एकांतावर येताच महाराज म्हणाले, कोणी कोणाचे नाही, सोयरे-धायरे सगळे खोटे, शेवटी माणूस एकटाच. टाळ्या पडल्या. पहिल्याच कडव्यात सोयरे मोजणाऱ्या अभंगावर हे बोलणे झाले. जे तुकोबांनी कधी म्हटले नाही, ते तुकोबांच्या नावाने त्या मागच्या रांगेतल्या माणसाला सांगितले गेले.

म्हणून म्हणतो, तीन भागांचा क्रम हा सजावटीचा विषय नाही. सोबत, बिऱ्हाड, जेवण, आणि त्यानंतर मनाशी वाद. क्रम उलटा करा, सोबत काढून घ्या, घर गहाण टाका, जेवण तोडा आणि मग माणसाला मनाशी वाद घालायला एकटे बसवा. तो वाद त्याला खाऊन टाकील. तुकोबांना हे माहीत नव्हते असे नाही. दुष्काळात त्यांची पहिली बायको गेली, मूल गेले, व्यापाराचे दिवाळे निघाले. सावकारीच्या कागदांतला आपला अर्धा वाटा त्यांनी इंद्रायणीत बुडवला, असे परंपरा सांगते. एवढे भोगलेला माणूस जेव्हा एकांताचे सुख सांगतो, तेव्हा तो सोयऱ्यांपासून का सुरू करतो, हे कीर्तनकाराला कळलेच पाहिजे.

माझ्या सांगण्यालाही मर्यादा आहे. प्रत्येक अभंग तीनच ठिकाणी मोडतो असे नाही. ध्यानाच्या वर्णनाचे अभंग असतात, तिथे सांधे शोधत बसू नये, रूप पाहावे. काही अभंग एका दमात एकच हाक मारतात, त्यांचे तुकडे केले तर हाक मरते. काही दोनच भागांत संपतात, त्यांना तिसरा पाय लावू नये. काल्याच्या कीर्तनाला त्याचा स्वतःचा रिवाज आहे. गौळण, विराणी, भारूड यांचे शास्त्र निराळे. पण उपदेशाचा, विचाराचा अभंग सेवेला घेतला असेल, तर एक वाक्य निघालेच पाहिजे. निघत नसेल, तर त्या रात्री तो अभंग घेऊ नये, दुसरा घ्यावा.

सप्ताह कमिटीच्या मंडळींना एक विनंती. कीर्तनकाराला आमंत्रण देताना बिदागी ठरते, गाडी ठरते, साउंड सिस्टीम ठरते. त्याबरोबर आणखी एक ठरवा. अभंग कोणता आणि त्याचा सिद्धांत काय, हे एका वाक्यात चिठ्ठीवर लिहून मागा. चिठ्ठी आधी वाचून दाखवू नका, विणेकऱ्याजवळ ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी काकडा झाल्यावर रात्री आलेल्या चार माणसांना विचारा, काल महाराजांनी काय सांगितले? त्यांत एक वेचणीला जाणारी बाई असावी आणि एक शाळेतले पोर असावे. त्यांचे उत्तर आणि चिठ्ठी जवळपास जुळली, तर पुढच्या वर्षी त्याच महाराजांना बोलवा. नाही जुळली, तर पाठांतर कितीही जबर असो, विचार करा.

तरुण महाराज मंडळी रागावतील, हे मला ठाऊक आहे. त्यांनी माझ्यावर खुशाल रागवावे, पण उद्याच्या कीर्तनाचा अभंग काढून त्यातले ध्रुवपद कुठे आहे, एवढे आज रात्री गाथ्यात पाहून घ्यावे.